प्रिय क्लायंट, तो मुका बारकोड आठवतो का?

डिसेंबरचा दुसरा आठवडा सुरू झाला की ऑफिसच्या इनबॉक्समध्ये एक विचित्र पूर येतो. ज्या व्हेंडरचं नावही आपल्याला धड आठवत नाही, तो आपल्याला 'सुख, समृद्धी आणि भरभराट' चिंतत असतो. सोबत बर्फाचे कण पडणारं अ‍ॅनिमेशन. (पुण्यात! डिसेंबरमध्ये आपल्याकडे बर्फ फक्त उसाच्या रसात असतो.) आपण ते मेल किती सेकंद बघतो? सब्जेक्ट लाइन वाचली, डिलीट. फारच सज्जन असाल, तर 'सेम टू यू' आणि मग डिलीट.

आता गंमत बघा. त्याच दुपारी बॉस आपल्याला सांगतो, 'अरे, आपल्या क्लायंट्सना इयर-एंडचं थँक्यू लेटर जायला हवं, जरा ड्राफ्ट कर ना.' आणि आपण काय करतो? मागच्या वर्षीची फाइल उघडतो आणि साल बदलतो. संपलं काम!

या प्रकाराचा इतिहासही मजेशीर आहे. छापील ख्रिसमस कार्डाची सुरुवात मानलं जाणारं कार्ड १८४३ मध्ये लंडनमध्ये निघालं. हेन्री कोल या कामात बुडालेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे उत्तर द्यायच्या पत्रांचा ढीग साचला होता. प्रत्येकाला वेगळं लिहायला वेळ कुठे? त्याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, खाली शुभेच्छा छापून घेतल्या आणि पाठवणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या नावाची जागा तेवढी कोरी ठेवली. थोडक्यात काय, तर ग्रीटिंग कार्डाचा जन्मच मुळी पत्र लिहायचं टाळण्यासाठी झाला आहे. म्हणून मला त्या कार्डांचा राग येत नाही. त्यांना पत्र समजण्याची चूक तेवढी करू नये.

खरं पत्र कसं तयार होतं, हे मला अगदी जवळून बघायला मिळालं ते एका मैत्रिणीच्या ऑफिसात. ती कोथरूडमध्ये पॅकेजिंग डिझाइनचा छोटा स्टुडिओ चालवते. चार माणसं, पाच कॉम्प्युटर आणि एक कायम बंद पडणारा प्रिंटर. वर्षभरात चौदा क्लायंट. मी लेखासाठी माणसं शोधत होते आणि तिला पत्रं लिहायची होती. मग काय, दोन दुपारी तिच्या टेबलाशी ठाण मांडलं.

तिचा पहिला ड्राफ्ट तुम्ही-मी लिहू तसाच होता. 'आपण आमच्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आपले सहकार्य यापुढेही असेच लाभो.' हे पत्र होतं साताऱ्याच्या एका मसाले-चटण्यांच्या घरगुती कंपनीला. मी तिला विचारलं, हेच पत्र तुझ्या औषधवाल्या क्लायंटला पाठवलं तर काय बदलावं लागेल? ती म्हणाली, 'पत्ता.'

मग तिने दुसरा ड्राफ्ट केला. 'कांदा-लसूण चटणीच्या पाऊचवर तुमच्यासोबत काम करताना खूप छान अनुभव आला.' बरेच लोक इथे थांबतात, कारण प्रोजेक्टचं नाव आलं म्हणजे पत्र पर्सनल झालं असं वाटतं. पण एक्सेल शीटमध्ये प्रोजेक्टच्या नावाचा एक कॉलम केला, तर मेल-मर्ज हेच वाक्य चौदाही जणांना पाठवू शकतो. पाऊचचं नाव तर दुकानदारालाही माहीत आहे. हवी होती अशी गोष्ट, जी फक्त त्या दोन ऑफिसांना माहीत आहे.

आठवण शोधायची कुठे?

डोक्यात नाही, हे नक्की. डिसेंबरमध्ये आपल्याला फक्त ऑक्टोबरनंतरचं आठवतं, आणि त्यातही भांडणं जास्त. मैत्रिणीने आधी त्या क्लायंटची वर्षभराची बिलं समोर घेतली. बिलांमुळे महिने कळले : नऊ पाऊच, फेब्रुवारी ते ऑक्टोबर. मग प्रत्येक बिलाच्या आधीच्या पंधरा दिवसांतले 'सेंट'मधले मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं. इनबॉक्सपेक्षा 'सेंट' जास्त कामाचं, कारण आपण कुठे गोंधळलो होतो, काय विचारत होतो, हे तिथे दिसतं. पाऊण तास गेला. पाऊण तासाने तिच्या वहीत चार गोष्टी होत्या.

पहिली : मार्चमध्ये ताईंनी, म्हणजे ती कंपनी चालवणाऱ्या बाईंनी, न मागता अर्धे पैसे आगाऊ दिले होते. दुसरी : एका डिस्ट्रिब्युटरशी त्यांचं वाजलं होतं आणि त्यामुळे एक पाऊच रातोरात बदलावा लागला होता. तिसरी : लोणच्याच्या पाकिटाचं एका प्रदर्शनात कौतुक झालं होतं. आणि चौथी, बारकोडची.

पहिली तिने खोडली. पैशाबद्दल आभार मानले की पत्राला अकाऊंट्स डिपार्टमेंटचा वास येतो, शिवाय 'या वर्षीही द्या' असं न लिहिताही ऐकू येतं. दुसरी खोडायलाच हवी होती. पत्र कोण वाचेल याचा भरवसा नसतो. छोट्या कंपनीत चांगलं पत्र आलं की ते हातोहात फिरतं, काचेखाली ठेवलं जातं, आलेल्या पाहुण्याला दाखवलं जातं. उद्या तो पाहुणा तोच डिस्ट्रिब्युटर निघाला तर? क्लायंटची अडचण, त्याचं घरातलं भांडण, त्याचा भाव, त्याची चुकलेली डेडलाइन, यातलं काहीही कितीही प्रेमाने लिहिलं तरी पत्रात नको. तिसऱ्या गोष्टीत कौतुक स्टुडिओचं झालं होतं, म्हणजे ते आभाराचं पत्र कमी आणि आपली जाहिरात जास्त झाली असती.

राहिला बारकोड. आता ही भानगड थोडी समजून घ्या, कारण पत्राचा सगळा जीव तिच्यात आहे.

मसाल्याचे पाऊच मोठ्या संख्येने छापतात ते ग्रॅव्ह्युअर पद्धतीने. त्यात प्रत्येक रंगाचा एक वेगळा धातूचा सिलिंडर कोरावा लागतो. रंग जितके जास्त, तितके सिलिंडर जास्त आणि तितका खर्च जास्त. चटणीच्या पाऊचवर चार रंग होते : पांढरा, पिवळा, विटकरी लाल आणि गडद हिरवा. हिरवा तसाही लागणारच होता, कारण शाकाहारी पदार्थाच्या पाकिटावर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका छापणं सक्तीचं आहे, आणि शिवाय चित्रात कोथिंबीर होती. काळा रंग फक्त बारकोडसाठी लागला असता. मग स्टुडिओने आणि ताईंनी फोनवर मिळून ठरवलं, की बारकोड विटकरीत छापू, एक सिलिंडर वाचेल. मोबाइलवर तपासलं, तर बारकोड व्यवस्थित वाचला जात होता. सगळे खूश.

पण गोडाऊनमध्ये आणि दुकानाच्या काउंटरवर असते ती स्कॅनरची गन. तिचा प्रकाश लाल असतो. लाल प्रकाशात लाल रेघा उजळ दिसतात, जवळजवळ पांढऱ्या, म्हणजे गनला पांढऱ्यावर पांढरं दिसतं. मोबाइलचा कॅमेरा नेहमीच्या उजेडात फोटो काढून वाचतो, म्हणून तो फसत नाही. फसते ती गन. हे पकडलं कोणी? कंपनीत डिस्पॅच बघणाऱ्या, सगळे ज्यांना मामा म्हणतात अशा गृहस्थांनी. त्यांना कोणी तपासायला सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून प्रूफ गनखाली धरलं. उपाय त्याच दिवशी सापडला : बारकोड गडद हिरव्यात. हिरवा रंग लाल प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे गनला हिरव्या रेघा काळ्या दिसतात. पाचवा सिलिंडर लागलाच नाही.

प्रूफ पास होऊन सिलिंडर कोरले गेले असते, तर दोन सिलिंडर पुन्हा करावे लागले असते : विटकरीतून बारकोड काढायचा आणि हिरव्यात घालायचा. आणि दिवाळीचा माल? तो दुकानांच्या काउंटरवर अडला असता.

मग पत्र असं झालं

मैत्रिणीच्या आणि ताईंच्या परवानगीने ते इथे देते आहे, नावं वगळून.

'ताई, सप्रेम नमस्कार.

या वर्षी आपण मिळून नऊ पाऊच केले. त्यातला मला सगळ्यात जास्त आठवतो कांदा-लसूण चटणीचा.

ऑगस्टमध्ये तुम्ही आणि आम्ही, दोघांनीही ते डिझाइन पास केलं होतं. विटकरी बारकोड आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर वाचला जात होता. मामांनी मात्र प्रूफ कात्रीने कापलं, रिकाम्या पाऊचवर चिकटवलं आणि गोडाऊनमधल्या गनखाली धरलं. मग मला फोन करून एवढंच म्हणाले, "मॅडम, हे मुकं आहे."

बारकोड कोथिंबिरीच्या हिरव्यात गेला, सिलिंडर चारच राहिले आणि दिवाळीचा माल वेळेवर निघाला. मामांनी ती पाच मिनिटं घालवली नसती, तर यातलं काहीच झालं नसतं. आणि तुम्ही पास झालेलं डिझाइन पुन्हा उघडायला एका शब्दानेही कुरकुर केली नाहीत, हेही माझ्या लक्षात आहे.

त्यानंतर आमच्याकडे एक गन आली आहे. आता प्रत्येक क्लायंटचं प्रूफ तिच्याखालून जातं. ऑफिसात तिला सगळे मामाच म्हणतात. मामांना राग येणार नसेल, तर हे त्यांना सांगा.

तुमचे आणि मामांचे मनापासून आभार. नवं वर्ष सगळ्यांना छान जावो.'

बस्स, एवढंच! एका पानाच्या आत. 'विश्वास', 'ऋणी', 'वृद्धिंगत' यांपैकी एकही शब्द नाही, आणि शुभेच्छा फक्त शेवटच्या ओळीत.

मला यात सगळ्यात आवडला तो गनचा परिच्छेद. आठवण सांगणं ठीक आहे, पण त्या आठवणीने आपल्या कामात काय बदललं, हे सांगितलं की आभार खरे वाटतात. इथे क्लायंटच्या माणसाचं कसब चक्क स्टुडिओच्या रोजच्या कामात येऊन बसलं. तुमच्या पत्रात गन नसेल, दुसरं काही असेल : एखादा फॉर्म, एखादी चेकलिस्ट, मीटिंगची बदललेली वेळ. काहीच बदललं नसेल, तर तो परिच्छेद सरळ गाळा. खोटी गन विकत घेऊ नका.

मराठीत पत्र लिहिताना एक बारीक अडचण येते. 'आपण' म्हणजे आदराने 'तुम्ही' आणि 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून. छापील पत्रांत पहिला 'आपण' इतका घट्ट बसला आहे, की दुसऱ्याला जागाच उरत नाही. मैत्रिणीने ताईंसाठी 'तुम्ही' ठेवलं आणि 'आपण' फक्त एकत्र केलेल्या कामासाठी राखून ठेवलं. 'आपण मिळून नऊ पाऊच केले' हे वाक्य वाचायला किती सोपं आहे बघा! ती ताईंशी फोनवर असंच बोलते. समोर कॉर्पोरेटमधले साहेब असतील आणि वर्षभर इंग्रजीतच मेल झाले असतील, तर पत्रही इंग्रजीतच लिहा. थँक्यू म्हणायला एकदम भाषा बदलली, तर समोरचा उगाच सावरून बसतो.

आणि पत्र कुणाला लिहायचं? मोठ्या कंपनीत इथेच घोटाळा होतो. आपण डायरेक्टरला लिहितो, ज्याने आपलं काम फक्त प्रेझेंटेशनमध्ये पाहिलेलं असतं. ज्या असिस्टंट मॅनेजरने रात्री साडेदहाला फायनल फाइल तपासली, तिला सीसीत टाकतो. लिहायचं तिलाच. साहेबाला कळावं असं वाटत असेल, तर आधी तिला विचारा. सगळ्यांनाच वरच्यांसमोर कौतुक नको असतं. 'मग हे काम रात्री का करावं लागलं?' असा प्रश्न वरून यायला वेळ लागत नाही! मी स्वतः एका कंपनीच्या हाऊस मॅगझिनचं काम करते. तिथे भेटवस्तू घ्यायची नाही असा नियम आहे, मिठाईचा पुडासुद्धा रिसेप्शनवरून परत येतो. तिथल्या कम्युनिकेशन्सच्या मुलीला मागच्या डिसेंबरमध्ये मी आठ ओळींचा मेल केला. तिने माझ्या एका मुलाखतीतला नाइट शिफ्टच्या ड्रायव्हरचा परिच्छेद कापू दिला नव्हता, त्याबद्दल. मिठाईला नियम आड आला होता, मेलला नाही आला.

दोन माणसांनी मिळून केलेल्या कामात एकाचंच नाव घेतलं, तर मात्र पत्र उलटतं. मामांसोबत गोडाऊनमध्ये आणखी कोणी होतं का, हे मैत्रिणीने आधी फोन करून विचारून घेतलं. 'असंच, एका कामासाठी' असं सांगून. महिना ऑगस्टच होता ना, हेही तेव्हाच पक्कं केलं. स्पेसिफिक पत्राची जोखीम ही आहे, की तपशील चुकला तर 'भरभराट' चिंतणाऱ्या पत्रापेक्षा ते वाईट दिसतं.

बिल वेगळं, पत्र वेगळं

त्या साताऱ्याच्या कंपनीकडून ऑक्टोबरच्या कामाचं एक बिल यायचं बाकी होतं. मोह होणारच. 'ता. क. : बिल क्रमांक अमुक अजून...' नाही! त्या एका ओळीनंतर वरची सगळी आठवण वसुलीची प्रस्तावना होते. बिलाची आठवण तिने आठवडाभर आधी वेगळ्या मेलने करून दिली. तेच रेट कार्डचं, तेच 'पुढच्या वर्षी आम्ही सोशल मीडियाही करणार आहोत'चं. ते सगळं जानेवारीत पाठवा ना, कोण अडवतंय?

वेळेचंही तसंच. दिवाळीत काजूकतलीच्या बॉक्सखाली पत्र दडपतं. वीस डिसेंबरनंतर निम्मं ऑफिस गोव्यात असतं. मार्चअखेर हा हिशेबाने वर्षाचा खरा शेवट, पण तेव्हा सगळ्यांच्या डोक्यावर ऑडिट. म्हणून डिसेंबरचा दुसरा आठवडा बरा. हुकला तर घाबरू नका, आपल्याकडे संक्रांत आहे. चौदा जानेवारीच्या सुमाराला तिळगुळासोबत आलेलं पत्र कुणालाही उशिरा आलेलं वाटत नाही. ताईंचं पत्र लेटरहेडवर छापून, पेनने सही करून स्पीड पोस्टने गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते गुड मॉर्निंगच्या दोन फुलांच्या मध्ये सापडलं असतं.

चौदाही क्लायंटना असं लिहायचं? मैत्रिणीने पाच जणांना लिहिलं. एका पत्राला शोधाशोधीसकट दीड तास लागतो, त्यामुळे चौदा शक्यच नव्हती. पण खरं कारण वेगळं होतं. उरलेल्या नऊ जणांसोबत वर्षभरात असं काही घडलंच नव्हतं. काम आलं, काम गेलं, पैसे मिळाले. त्यांना तिने साधं छापील कार्ड पाठवलं, खाली सही करून. मला हे एकदम पटलं. जिथे आठवण नाही तिथे ओढूनताणून आठवण काढली, तर समोरच्याला ते लगेच कळतं.

आपल्यापैकी बरेच जण लिहीत नाहीत ते आळसाने नाही, संकोचाने. 'फार गोडगोड वाटेल का?' 'त्याला काहीतरी हवंय असं वाटेल का?' अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये आला. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली, वाचणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाज विचारला आणि मग वाचणाऱ्यांनाच गाठलं. वाचणाऱ्याला किती अवघडल्यासारखं होईल, याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज फुगलेला निघाला. त्याला किती आनंद होईल, याचा कमी पडला. लिहिणारे शब्द नीट जमले का या काळजीत होते, तर वाचणाऱ्यांचं लक्ष आपुलकीकडे होतं. ही पत्रं क्लायंटना लिहिलेली नव्हती, हे खरं. आपल्याकडे मध्ये पैसा असतो, त्यामुळे संशयाला थोडी जास्त जागा. पण बिल आणि रेट कार्ड बाहेर ठेवलं, की ती बरीच कमी होते.

धंद्याला फायदा झाला का, हे मी अर्थातच विचारलं. मैत्रीण हसली. पाच पत्रांपैकी एका क्लायंटने जूनमध्ये काम दुसऱ्या एजन्सीला दिलं, त्यांचा भाव कमी होता म्हणून. पत्राने भाव खाली येत नाही. पत्र पोचलं की नाही, याची तिची खूण वेगळी आहे. छापील कार्डाला 'सेम टू यू' येतं. खऱ्या पत्राला उत्तरात दुसरी आठवण येते, बहुतेक वेळा आपल्याला माहीत नसलेली.

ताईंचं उत्तर आठ दिवसांनी आलं, फोनवर. मामांनी प्रूफ गनखाली का धरलं, ते त्यांनी सांगितलं. आधीच्या वर्षी दुसऱ्या एका डिझायनरच्या पाकिटाचा बारकोड लागत नव्हता, तेव्हा मामा तीन दिवस गोडाऊनमध्ये बसून एकेका पाकिटावर स्टिकर चिकटवत होते. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पत्र वाचून दाखवलं, तेव्हा बोलले. जाताना पत्राची झेरॉक्स मागून घेतली आणि निरोप दिला, 'गनला मामा म्हणा, काही हरकत नाही. पण तिची बॅटरी रात्री काढून ठेवत जा.'